चुकीचा छापलेला प्रश्न आणि पर्यवेक्षकाची मर्यादा

बारावीच्या परीक्षेत चुकीचा छापलेला प्रश्न आला की वर्गातल्या पर्यवेक्षकाकडून मुलांची एकच अपेक्षा असते: सर, हे काय आहे ते सांगा. पर्यवेक्षणाचं काम करणाऱ्यांपैकी मी एक आहे, आणि माझं ठाम मत असं, की या प्रश्नाला पर्यवेक्षकाने मजकुराबाबत काहीही उत्तर न देणं हेच मुलाच्या हिताचं असतं. वरवर हे निष्ठुर वाटेल. पण 21 फेब्रुवारी 2023 रोजी राज्य मंडळाच्या बारावीच्या इंग्रजीच्या पेपरला जे घडलं, ते नीट पाहिलं की त्यामागचं कारण कळतं. 80 गुणांच्या त्या प्रश्नपत्रिकेत कवितेवरच्या तिसऱ्या प्रश्नातले A-3, A-4 आणि A-5 हे उपप्रश्न सदोष होते. प्रश्नांच्या जागी परीक्षकांसाठीच्या सूचना आणि नमुना उत्तराचा मजकूर छापला गेला होता. एकूण सहा गुणांचा मामला. लातूर विभागीय मंडळाच्या लातूर, नांदेड आणि धाराशिव या तिन्ही जिल्ह्यांतल्या मुलांसमोर हीच प्रश्नपत्रिका होती, आणि राज्यभरातही हीच.

आता कल्पना करा, की नांदेडच्या एका केंद्रावर पर्यवेक्षकाने मनाने सांगितलं, "हा प्रश्न सोडून द्या, याचे गुण मिळतीलच." लातूरच्या दुसऱ्या केंद्रावर कुणी सांगितलं, "कवितेतली रूपकं लिहा, प्रश्न तोच असणार." तिसऱ्या वर्गात कुणी काहीच बोललं नाही. एकाच परीक्षेला बसलेल्या मुलांसमोर तीन वेगळ्या परीक्षा झाल्या असत्या. त्यात पहिला सल्ला सगळ्यांत धोक्याचा. कारण मंडळाने विषयतज्ज्ञ आणि मुख्य नियामकांच्या संयुक्त सभेनंतर सहा गुण द्यायचं ठरवलं, पण सरसकट नाही. कवितेच्या विभागातला कोणताही प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला असेल, किंवा उत्तरपत्रिकेत त्या विभागाचा नुसता उल्लेख असेल, किंवा A-3, A-4, A-5 यांपैकी एखादा क्रमांक तरी लिहिला असेल, तर गुण, असा तो निर्णय होता. सदिच्छेने दिलेला "सोडून द्या" हा सल्ला ऐकून ज्याने तो सगळा भागच कोरा ठेवला असता, तो या अटींत बसलाच नसता. पर्यवेक्षकाच्या तोंडच्या शब्दाला मंडळाच्या दफ्तरी जागा नाही. तिथे पोहोचते ती उत्तरपत्रिका.

यावरून पर्यवेक्षकाचं काम कुठे संपतं ते ठरवता येतं. दोष दोन प्रकारचे असतात. पहिला त्या एका प्रतीचा: पान कोरं, फाटलेलं, शाई फासलेली, पान दोनदा आलेलं, किंवा विषय वा माध्यम भलतंच. इथे पर्यवेक्षकाने ताबडतोब हालचाल करायला हवी. केंद्र संचालकांना कळवून प्रत बदलून द्यावी आणि त्याची नोंद करावी. दुसरा दोष मजकुराचा, म्हणजे सगळ्या प्रतींत सारखाच असलेला. कोणता दोष आहे हे मुलाने शेजाऱ्याच्या पेपरात डोकावून तपासायचं नाही. ते काम पर्यवेक्षकाचं, तो वर्गातली दुसरी प्रत पाहून सांगू शकतो, की सगळीकडे असंच आहे. एवढंच सांगावं. त्यापुढे शब्दाचा अर्थ, प्रश्नाचं मराठी, गाळलेला आकडा, यांतलं काहीही त्याने बोलू नये. शंका केंद्र संचालकांकडे जाते, तिथून विभागीय मंडळाकडे. तिकडून दुरुस्ती आली तर ती केंद्रावरच्या प्रत्येक वर्गात एकाच शब्दांत सांगायची. तोवर वाट पाहायची.

यावर पालक विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे: समोरच्या शिक्षकाला चूक उघड दिसते, मग त्याने गप्प का राहायचं? एक तर उघड दिसणारी चूक नेहमीच चूक नसते. मुळात पर्यवेक्षक त्या दिवशीच्या विषयाचा नसावा अशीच योजना असते. भूगोलाच्या शिक्षकाला भौतिकशास्त्राचं एकक चुकलेलं वाटू शकतं आणि तो स्वतः चुकलेला असू शकतो. शिवाय आज खुणेने दुरुस्ती सांगायची मुभा दिली, तर उद्या खुणेने उत्तर सांगणाऱ्याला कोणत्या नियमाने अडवणार? मराठवाड्यातल्या केंद्रांवर भरारी पथकं आणि बैठी पथकं येतात ती याच भीतीने. दारात उभ्या पथकाला आतला शिक्षक चूक दुरुस्त करतोय की मदत, हे कळण्याचा मार्ग नाही.

मग विद्यार्थ्याने काय करायचं? जागेवरून हात वर करायचा आणि एका वाक्यात, प्रश्न क्रमांकासह सांगायचं: "तिसऱ्या प्रश्नात A-3 ला प्रश्न छापलेला नाही, दुसरी प्रत पाहता का?" उत्तर काय असावं हे बोलायचं नाही. सगळीकडे तसंच आहे असं कळलं की पुढे जायचं. तीन तासांत 80 गुण म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. सहा गुणांच्या वाटणीला साडेतेरा मिनिटं येतात, आणि वाद घालण्यात वीस मिनिटं गेली तर नुकसान आपलं. शेवटी त्या जागी परत यायचं, क्रमांक लिहायचा आणि जो अर्थ लागतो त्याप्रमाणे उत्तर लिहायचं. काहीच अर्थ लागत नसेल तर क्रमांकापुढे एकच ओळ पुरे: प्रश्नाच्या जागी सूचना छापली आहे. उत्तरपत्रिकेत काहीही जादा लिहिलं तर गैरप्रकार ठरेल, अशी भीती मुलांना वाटते. ती भीती विनवणीबाबत खरी आहे. नाव, गाव, "कृपया पास करा" हे लिहायचंच नाही. छपाईबद्दलची कोरडी ओळ ही विनवणी नाही. गणित-विज्ञानात तर "दिलेला आकडा असा धरला" असं लिहून पुढे सोडवावं, म्हणजे परीक्षकाला पायऱ्यांचे गुण द्यायला आधार मिळतो.

नीटच्या मुलांना मात्र ही सवय तशीच चालणार नाही, आणि लातूर-नांदेडात बारावीचीच मुलं त्या परीक्षेलाही बसतात. ओएमआर पत्रिकेवर टिपण लिहायचं नसतं. पुस्तिकेत दोष असेल तर सुरुवातीलाच सांगायचं, कारण पुस्तिका आणि ओएमआर दोन्ही जोडीने बदलून मिळतात. मराठी मजकूर विचित्र वाटला तर सोबतचा इंग्रजी प्रश्न वाचायचा, वाद झाल्यास इंग्रजीच ग्राह्य धरलं जातं. हरकत घ्यायची ती नंतर, तात्पुरती उत्तरसूची आल्यावर, प्रत्येक प्रश्नाचं शुल्क भरून. 2024 च्या परीक्षेत अणूवरच्या एका प्रश्नाला एनटीएने दोन पर्याय बरोबर धरले होते. 23 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आयआयटीच्या तज्ज्ञांच्या मतावरून चौथाच पर्याय बरोबर ठरवला, आणि दुसरा निवडलेल्या चार लाखांहून अधिक मुलांचे प्रत्येकी पाच गुण गेले. प्रश्न रद्द झाला तर परीक्षा दिलेल्या सर्वांना गुण मिळतात, पण दोन पर्याय बरोबर ठरले तर ते त्यांपैकी एक भरलेल्यालाच मिळतात. कोणता निकाल लागेल हे खोलीत बसलेला पर्यवेक्षक सांगूच शकत नाही, म्हणून शंकास्पद प्रश्न भरायचा की सोडायचा, हे विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासावरच ठरवायचं.