गवारीचे दोन स्वभाव

मंडईत गवारीसाठी मुद्दाम कोणी थांबत नाही. भेंडी, वांगी घेऊन झाली की भाजीवालीच विचारते, "गवार देऊ का पावशेर?" आणि घेणारा भिडेखातर हो म्हणतो. घरी आल्यावर ही बाई आपला स्वभाव दाखवायला लागते. देठ मोडायचा, शेंडा मोडायचा, कडेची शीर ओढायची. गावरान असेल तर अंगावरची लव बोटांना लागते. निबर असेल तर ती मोडतच नाही, नुसती वाकते आणि मग शीर बोटभर लांब निघून येते. कडसरपणा लपवायला गूळ घाला, शेंगदाण्याचं कूट घाला, तरी ती आपलं वळण सोडत नाही.

हा ताठपणा तिच्या सालीत आणि शिरांत आहे. तिथला तंतू मुख्यतः सेल्युलोज असतो. तो पाण्यात विरघळत नाही आणि आपल्या पाचकरसांना दाद देत नाही. असा चोथा आतड्यातून नुसताच पुढे ढकलला जातो, असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो वाटेत बराच उद्योग करतो. त्याचे जाडसर, खरबरीत कण मोठ्या आतड्याच्या अस्तराला घासले की अस्तर पाणी आणि बुळबुळीत स्राव सोडतं. त्याने मल मऊ होतो आणि लवकर पुढे सरकतो. १९८८ साली इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी माणसांना कोंड्याच्या आकाराचे प्लास्टिकचे बारीक तुकडे खायला दिले. त्यात पोषण शून्य, पाणी धरण्याची ताकद शून्य. तरी पोट साफ व्हायला मदत झाली. म्हणजे काम बरंचसं खरबरीतपणाचं होतं. तोच गव्हाचा कोंडा पिठासारखा बारीक दळला तर हा गुण जवळपास जातो, उलट मल घट्टही होऊ शकतो.

गवारीचा दुसरा स्वभाव आत, बीमध्ये. शेंग झाडावर वाळली की बीच्या पोटात डिंक तयार असतो. राजस्थानात गवारीची शेती होते ती मुख्यतः या डिंकासाठी. २०१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या तेलविहिरींना तो इतका लागला की गवारीचे भाव आकाशाला भिडले आणि इकडचा वायदेबाजार थांबवावा लागला. आपल्या ताटात जिला कोणी विचारत नाही, तिचा हा रुबाब!

हा डिंक पाण्यात विरघळतो आणि पाणी दाट करतो. लहान आतड्यात अन्नाचा असा दाट गर झाला की पाचकरस त्यात हळू मिसळतात आणि सुटलेली साखर आतड्याच्या भिंतीपर्यंत उशिरा पोचते. जेवणानंतर रक्तातल्या साखरेची जी उसळी येते ती त्यामुळे बुटकी होते. साखर येते, पण सावकाश येते. डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये वेगवेगळे तंतू ग्लुकोजबरोबर देऊन पाहिले. ज्याने द्रव जास्त दाट झाला त्याने साखर जास्त आवरली आणि त्यात गवारीचा डिंक सगळ्यांत पुढे होता. मग त्यांनी तोच डिंक तोडून पातळ केला. तंतू तितकाच, पण दाटपणा गेला आणि गुणही गेला.

म्हणून पाकिटावर 'तंतू इतके ग्रॅम' वाचून मला फारसा आनंद होत नाही. दोन्ही स्वभावांचं काम त्यांच्या रूपावर चालतं. एकाला दळलं की तो निकामी होतो, दुसऱ्याला तोडलं की तो.

डिंकाची आणखी एक गोष्ट. मोठ्या आतड्यात पोचल्यावर जिवाणू त्याचा फडशा पाडतात, त्यातून आतड्याच्या पेशींना उपयोगी आम्लं तयार होतात आणि वायूही. मलात तो स्वतः फारसा उरत नाही. बद्धकोष्ठ असलेल्या माणसाने डिंकाकडून मोठी अपेक्षा ठेवू नये. इसबगोल मात्र वेगळा. तोही दाट होतो, पण जिवाणूंना सहसा दाद देत नाही आणि पाणी धरून शेवटपर्यंत जातो. त्यामुळे कडक मल मऊ होतो आणि पातळ मल बांधला जातो.

आता भाजीची गवार. ती कोवळी, बी अजून भरलेलं नाही, म्हणून वाटीभर भाजीत डिंक थोडाच. जेन्किन्सचे निकाल तिच्या माथी मारू नयेत. तिला ताटात सोबत लागते.

आमच्या शेजारच्या काकूंना मधुमेह आहे. त्या रोज सकाळी नाचणीचं सत्त्व घेत, दुपारी मैद्याच्या चाळणीतून चाळलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी. "भरडधान्यच तर खातेय मी, मग न्याहारीनंतर साखर का चढते रे?" असं त्यांनी विचारलं. सत्त्व कसं करता, ते मी त्यांच्या तोंडून ऐकलं: नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, खाली बसलेलं वाळवायचं. फडक्यात जे राहिलं ते? "ते टाकते." नाचणीतला चोथा जवळजवळ सगळा तिथेच गेला आणि सुटा, पातळ शिजलेला स्टार्च कपात आला. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम तंतू, पण त्यात विरघळणारा दोन ग्रॅमहूनही कमी. तो साखर फारशी आवरत नाही आणि बारीक चाळणीने उरलेला खरबरीतपणाही गेला.

ताट आम्ही असं बदललं. सत्त्वाऐवजी सकाळी मोकळी शिजवलेली मुगाची उसळ. दुपारी जाडसर दळलेल्या, साध्या चाळणीने चाळलेल्या ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी: पाच ग्रॅम तंतू. ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ: साडेचार. १०० ग्रॅम गवार: सुमारे पाच. २० ग्रॅम तुरीचं वरण: दोन. एका जेवणात सोळाच्या आसपास. दिवसाला ३० चा हिशेब धरला तर निम्म्याहून थोडं अधिक. भात, पातळ वरण आणि बटाट्याची भाजी एवढ्यावर भागवलं तर हा आकडा जेमतेम पाच-सहा होतो. मटकीचं काम नुसत्या तंतूवर नाही. अख्ख्या दाण्यात स्टार्च पेशींच्या भिंतीआड बंद असतो आणि शिजूनही त्या भिंती बऱ्याच टिकतात. तीच मटकी दळून पिठलं केलं की हा आडोसा उरत नाही.

हे सगळं एकाच आठवड्यात अंगावर घेऊ नये. आतड्यातल्या जिवाणूंना सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या दिवसांत पोट फुगतं, गुरगुरतं. कडधान्य भिजवून ते पाणी टाकलं तर वायू थोडा कमी होतो. एका पदार्थाने सुरुवात करावी, पाणी वाढवावं आणि मल कोरडा, खड्यांसारखा होतोय का ते पाहावं. तसा असेल तर पाणी कमी पडतंय. साखरेचं औषध चालू असेल तर ताट बदलताना साखर मोजत राहावी आणि डॉक्टरांना सांगावं. आतडं अरुंद झालेलं असेल तर चोथा वाढवणं घातकच.

काकूंनी शेवटी विचारलं, "मग शिरा काढायच्या की ठेवायच्या?" कोवळ्या शेंगेची काढू नये. निबर शेंगेची काढावीच, कारण दातांत अडकलेली शीर कोणी गिळत नाही, ताटाच्या कडेला काढून ठेवतो आणि ताटाच्या कडेला राहिलेला चोथा आतड्याच्या काही कामाचा नाही.