काउंटरवरून दिसणारी कामं

औरंगपुऱ्यातल्या एका पुस्तक-वह्यांच्या घाऊक दुकानासाठी आम्ही बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर करत होतो. दुकानाचे मालक, ज्यांना मी काका म्हणते, मराठवाडाभरच्या शाळांना आणि गावोगावच्या किरकोळ दुकानदारांना माल पुरवतात. दर शनिवारी मी त्यांना प्रगतीचा अहवाल पाठवायचे: अठरापैकी तेरा कामं पूर्ण, पाच बाकी. काका तो वाचून फोन करायचे आणि विचारायचे, "ताई, पण आमचं क्रेडिट नोटचं काय झालं?" उत्तर मी रेडमाईन हा आमचा ट्रॅकर उघडून द्यायचे. म्हणजे अहवाल असूनही माहिती हवीच असायची, आणि ती असायची ट्रॅकरमध्ये.

अहवालाची खरी अडचण उशीर नव्हती. तो एकूण आकडे देतो, आणि मालकाला अडलेलं एक काम हवं असतं. रेडमाईनमध्ये प्रत्येक कामाची स्वतंत्र नोंद असते. कोणी मागितलं, कोणाकडे आहे, स्थिती काय, शेवटची हालचाल कधी झाली आणि कोण काय म्हणालं, हे सगळं तिथे दिसतं. म्हणून ठरवलं की काकांना तीच यादी वाचायला शिकवायची.

आधी यादीच वाचता येईल अशी करावी लागली. रेडमाईनमध्ये स्थितींची नावं ॲडमिनला बदलता येतात. `New`, `In Progress`, `Feedback`, `Resolved`, `Closed`, `Rejected` या सहा नावांच्या जागी आम्ही लिहिलं: नवीन, काम चालू, तुमचं उत्तर हवं, तपासा, बंद, करणार नाही. कामांचे मथळेही काउंटरवरच्या भाषेत आणले. "सेल्स रिटर्न टॅक्स मॉड्यूल" या मथळ्यावरून काकांना काहीच कळत नव्हतं. "जुन्या वह्या परत आल्या की जीएसटी चुकतो" हे वाचताच ते म्हणाले, "हे माझंच काम आहे."

मग दुकान बंद झाल्यावर काउंटरच्याच संगणकावर बसलो. रकाने चारच ठेवले: मथळा, स्थिती, कोणाकडे, शेवटचा बदल. पूर्णतेची टक्केवारी दाखवणारा `% Done` हा रकाना मी मुद्दाम काढला. आमच्याकडे तो आकडा काम करणारा स्वतः अंदाजाने भरतो, आणि नव्वदवर पोहोचलेलं काम पंधरवडाभर नव्वदवरच राहू शकतं. तो आकडा पाहून मालकाला खोटा दिलासा मिळतो.

काका यादी वरून खाली वाचत होते आणि कंटाळत होते. मी म्हटलं, "काका, खतावणी कशी बघता? सगळी खाती वाचता का?" ते म्हणाले, "नाही, ज्याचं जुनं थकलंय ते आधी." ट्रॅकरही असाच वाचायचा असतो. तेव्हा हा फिल्टर लावून जतन करून दिला:

```
Status    open
Updated   more than days ago   7
```

सात दिवसांत ज्यांना कोणी हात लावलेला नाही अशी उघडी कामं यात येतात. पहिल्यांदा लावला तेव्हा निघालेल्या कामांपैकी निम्म्यांची स्थिती "तुमचं उत्तर हवं" अशी होती. काका थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. संचावर सवलत द्यायची की प्रत्येक पुस्तकावर, शाळेची थकबाकी बिलावर छापायची की नाही, असे ते प्रश्न होते. आमच्या टीममधला मुलगा दुकानाच्या उत्तरासाठी थांबला होता आणि काका आमच्या अहवालासाठी. त्या रात्री काकांनी तिथेच बसून तीन प्रश्नांची उत्तरं टाइप केली.

या फिल्टरला एक मर्यादा आहे, आणि ती लगेच सांगणं गरजेचं होतं. कोणी नुसतं "बघतो" असं लिहिलं तरी शेवटच्या बदलाची तारीख ताजी होते आणि काम फिल्टरमधून निसटतं. म्हणून ज्या कामाची काळजी आहे ते तारखेवर न सोडता उघडून त्यातली शेवटची नोंद वाचायची. इतिहासात कामाची जबाबदारी कोणाकडून कोणाकडे गेली हेही दिसतं. तीन जणांकडे फिरलेलं काम बहुधा कोणाचंच नसतं, आणि तिथे फोन करायचा.

सगळ्यात महत्त्वाचा धडा "तपासा" या स्थितीचा होता. त्याचा अर्थ एवढाच, की करणाऱ्याच्या मते काम झालं आहे. रेडमाईनमध्ये कोणत्या भूमिकेने कोणती स्थिती बदलायची हे ठरवता येतं. आम्ही असं बसवलं की "बंद" फक्त काका आणि त्यांचे हिशेबनीसच करू शकतील.

याची किंमत क्रेडिट नोटच्या कामात कळली. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून शून्य झाला. पण त्याआधी विकलेला माल नंतर परत आला तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्याच दराने काढावी लागते. जूनमध्ये 40 रुपयांच्या 50 वह्या गेल्या असतील तर 2000 वर 240 रुपये कर लागलेला असतो, आणि परत घेताना 2240 जमा दाखवायचे असतात. सॉफ्टवेअर आजचा दर धरून फक्त 2000 दाखवत होतं. दुरुस्ती झाली आणि काम "तपासा"वर आलं. आमच्या चाचणीत ते बरोबर चाललं होतं.

काकांनी जूनचं एक खरं बिल घेतलं आणि माल परत करून पाहिला. 2240 आले. पण त्यांनी काम बंद केलं नाही. बिल नंबर न टाकता तेच पुन्हा केलं आणि नोंदीत लिहिलं: "गावाकडचे दुकानदार बिल आणत नाहीत. नंबर नसला की 2000 च येतात." स्थिती परत "काम चालू" केली. आमच्याकडे कोणाच्या डोक्यातही हा प्रकार आला नसता, कारण सीझन संपल्यावर माल पिशवीत भरून कसा परत येतो हे आम्ही पाहिलेलं नव्हतं. शेवटी असं केलं की बिल नंबर नसेल तर त्या दुकानदाराची त्या मालाची आधीची बिलं समोर येतात आणि त्यातलं एक निवडल्याशिवाय क्रेडिट नोट निघत नाही. तेही काकांनी तपासलं, मग बंद केलं.

काकांना ट्रॅकर दाखवायला आमच्या टीममध्ये विरोध होता. मालक आपल्या आपसातल्या नोंदी वाचणार, प्रत्येक ओळीवर जाब विचारणार, ही भीती होती. खासगी नोंदीची सोय रेडमाईनमध्ये आहे, पण ती वापरायची नाही असा मी आग्रह धरला. एकदा खासगी कप्पा उघडला की खरं कारण तिथे जातं आणि मालकासमोर गुळगुळीत वाक्य उरतं. सुरुवातीला काकांनी प्रश्न बरेच विचारले, हे खरं. पण ते त्या त्या कामाखालीच लिहून विचारायचे, त्यामुळे उत्तरही करणाऱ्यालाच द्यावं लागायचं आणि ते कामाजवळच राहायचं. मधला निरोप्या म्हणून माझी गरज संपली.

काही गोष्टी ट्रॅकरमधून कधीच कळत नाहीत. तिथे एका अक्षराची दुरुस्ती आणि महिनाभराचं काम दोन्ही यादीतली एकेक ओळच असतात, म्हणून उघड्या कामांच्या संख्येवरून तारीख काढू नका असं मी काकांना बजावलं. खर्च किती झाला, जूनच्या सीझनआधी काय होईल आणि काय सोडावं लागेल, हे मी अजूनही महिन्यातून एकदा अर्ध्या पानावर लिहून देते. शनिवारचा अहवाल मात्र बंद झाला. तो बंद करा, असं काकांनीच ट्रॅकरमध्ये एक काम टाकून मला नेमून दिलं होतं.