तीन मीटरची वाट आणि स्विफ्टचं वळण

कडेगावसारख्या नगरपंचायतीच्या गावांनाही आता २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचीच मापं लागू आहेत. एका मोटारीसाठी २.५ × ५ मीटर जागा लागते, एकूण जागांपैकी निम्म्यापर्यंत २.३ × ४.५ मीटरच्या चालतात आणि मोटारीची वाट किमान ३ मीटर असावी लागते. नकाशावर ही मापं बसली की पार्किंग झालं असं मानलं जातं. माझं म्हणणं असं की बेसमेंटमधलं पार्किंग चालणार की अडणार, हे गाडीच्या जागेपेक्षा तिच्यासमोरची वाट आणि कॉलमची जागा ठरवते.

स्विफ्टचंच उदाहरण घेऊ. लांबी ३.८६ मीटर, रुंदी १.७३५ मीटर आणि वळण त्रिज्या ४.८ मीटर. मात्र ही त्रिज्या बाहेरच्या पुढच्या चाकाची असते. बंपरचा कोपरा त्याहून बाहेरून फिरतो आणि हिशेबाने तो सुमारे ५.३ मीटर त्रिज्येचं वर्तुळ घेतो. गाडी २.५ मीटर रुंद जागेत काटकोनात उभी आहे आणि शेजारची गाडी जागेच्या तोंडाशी आली आहे असं धरा. स्टिअरिंग पूर्ण वळवून एका दमात बाहेर पडायला वाट निदान ३.५५ मीटर लागते, तीही कुठे काही न घासण्याच्या काठावर. दोन्हीकडे फूटभर मोकळीक ठेवली तर साधारण ४.३ मीटर. ३ मीटरमध्ये मागे-पुढे केल्याशिवाय सुटका नाही.

कॉलमने हिशेब आणखी बिघडतो. ३० सेंटीमीटरचा कॉलम दोन जागांमधल्या रेषेवर, अगदी तोंडाशी आला, तर मोकळीक न धरताही ४.३ मीटर लागतात. तोच कॉलम मीटरभर आत सरकवला की तो वळणाच्या आड येत नाही आणि गरज पुन्हा ३.५५ वर येते. म्हणून कॉलमची आखणी गाडीचं वळण काढून झाल्यावर करावी.

यावर बिल्डर म्हणेल, नियमात ३ मीटर आहेत. आहेत, पण ती किमान मर्यादा आहे. सरळ जायला ती पुरते, काटकोनात वळायला नाही. दुसरा आक्षेप असा की रुंद वाटेने गाड्यांची संख्या घटेल. १३.५ मीटर रुंद बेसमेंटमध्ये दोन्हीकडे ५ मीटरच्या जागा ठेवल्या तर वाटेला ३.५ उरतात. एक रांग ४.५ मीटरची केली तर वाट ४ मीटर होते आणि एकही जागा कमी होत नाही. छोट्या जागांची सवलत वापरायची ती इथे. त्यातून सुटलेला अर्धा मीटर वाटेला द्यावा, आणखी गाड्या कोंबायला नव्हे. फ्लॅट घेणाऱ्यानेही नकाशात आपल्या जागेच्या मापाबरोबर समोरची वाट आणि तोंडाशी असलेला कॉलम मोजून पाहावा.