फोटोतले ताट

दादा सुरतेला बांधकामावर आहे. फोनवर तो फार बोलत नाही. कधीमधी जेवणाचा फोटो तेवढा पाठवतो. मायला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे ती ते फोटोच निरखीत बसते. मागे एका ताटात भाजलेले गोल गोळे दिसले तशी ती हरखली. "आपली बट्टीच शे ना!" म्हणाली. म्हणजे दादाजवळ खानदेशातले कुणीतरी रांधणारे आहे, असे तिने धरले. मला मात्र ते पटेना.

आधी रंग पाहिला. गोळे पिवळसर दिसत होते आणि बट्टीच्या पिठात हळद असते. पण शेजारचा कांदाही तितकाच पिवळा होता! तो दिव्याचा उजेड. तेव्हा रंगाची साक्ष बाद झाली. मग पृष्ठभाग. आमच्या घरी बट्टी वाफवतात, कापतात आणि तेलातुपात तळतात. तिला कापलेल्या सपाट बाजू असतात व रंग सगळीकडून सारखा येतो. फोटोतले गोळे अखंड होते, त्यांवर कुठे काळे डाग, कुठे काहीच नाही, आणि भेगांत राख. म्हणजे ते थेट निखाऱ्यावर भाजलेले. तरीही एवढ्याने निकाल लागत नाही, कारण गोवऱ्यांच्या आरात भाजलेली बट्टीही असते आणि राजस्थानची बाटीही तशीच भाजतात.

खरा पुरावा एका फोडलेल्या गोळ्यात सापडला. बट्टी आतून-बाहेरून एकच कणीक असते. इथे वर कणकेचे कवच होते, आणि आत कोरडे, रवाळ, मातकट सारण. त्यात हिरव्या मिरचीचे तुकडे आणि काळे बारीक दाणे, बहुधा कलौंजी. हे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, सत्तू. शेजारी भरतासारखे काही होते, पण त्यात बटाट्याच्या फोडी, टोमॅटोची लाली आणि करपलेल्या सालीचे कण दिसत होते. वरणाची वाटी नव्हती. (ती फोटोबाहेर राहिली असेल, म्हणून या गोष्टीला मी फार वजन दिले नाही.) सारण आणि ते कालवण एकत्र धरले की उत्तर एकच निघते: बिहारकडची लिट्टी आणि चोखा. चोख्यात कच्चे मोहरीचे तेल घालतात. त्याचा उग्र वास मात्र फोटोत येत नाही.

यावरून दादा बिहारला गेला असे ठरत नाही. ताट कुणाच्या हातचे ते कळते, ते कुठे वाढले ते कळत नाही. सुरतेत बिहारचे मजूर पुष्कळ आहेत. त्यांच्याच चुलीवर तो जेवत असणार.

मायला सांगावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी सांगितले. ती बराच वेळ फोटोकडे पाहत राहिली.

"आत हरभऱ्याचं पीठ शे म्हणतेस?"

"हो."

"मग पोट भरतं त्याचं," ती म्हणाली, आणि त्या लोकांना आपल्याकडची शेवभाजी आवडेल का, हे दादाला विचारायला सांगितले.