अंगठ्याखालचा खड्डा

मेळघाटातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात रुजू होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. वीस महिन्यांच्या नातीला कडेवर घेऊन एक आजी आल्या. "खात नाही, पण अंगानं भरलीय," त्या म्हणाल्या. गाल खरंच फुगलेले होते.

वजन भरलं 7.8 किलो. 87 सेंटिमीटरपेक्षा लहान मुलाला आडवं झोपवून मोजतात. लांबी निघाली 74. मुलींच्या तक्त्यात 74च्या ओळीवर बोट ठेवलं. वजन उणे एक आणि उणे दोन या रकान्यांच्या मधे बसत होतं. उणे तीनच्या खाली गेलं तरच तीव्र कुपोषण. म्हणजे तक्ता पोरीला त्यात धरतच नव्हता.

मग दोन्ही पावलांवर अंगठे तीन सेकंद दाबून धरले. उचलले, तर खड्डे तसेच राहिले. नडगीवर तेच, हातांवर तेच, पापण्याही जड. सूज पावलांपुरती असली तर एक प्लस, पोटऱ्या किंवा हातांवर आली तर दोन, चेहऱ्यापर्यंत पोचली की तीन. दोन्ही पावलांवर असा खड्डा पडला की तक्ता काहीही सांगो, मूल तीव्र कुपोषणात धरायचं. काट्यावर तिच्यासोबत अंगातलं पाणीही चढलं होतं.

आहाराचा हिशेब करताना मात्र मी चुकलो. सुरुवातीचं दूध एफ-75, किलोमागे दिवसाला 130 मिली, हे पाठ होतं. दर दोन तासांनी एक, अशा बारा वेळांत भागून मी 85 मिली लिहिलं. सिस्टरनी कागद परत केला. "तीन प्लस आहे ना, सर? मग शंभरचा हिशेब." म्हणजे दिवसाला 780, एका वेळी 65 मिली.

कारण साधं आहे. सूज उतरताना अंगातलं पाणी रक्तात परत येतं, आणि अशक्त झालेल्या हृदयाला वरचा भार पेलत नाही. नाडी मिनिटाला 25नं आणि श्वास 5नं वाढले, तर दूध जास्त होतंय असं समजायचं. लघवी वाढवून सूज उतरवणारं औषधही द्यायचं नाही.

सातव्या दिवशी पावलं सपाट झाली, काटा 6.6वर आला. "वजन घटलं की हो!" आजी घाबरल्या. त्याच 74च्या ओळीत ती आता उणे तीनच्याही खाली होती. पण वाटी रिकामी करून ती पुन्हा हात पुढे करत होती. तेव्हा एफ-100 सुरू केलं: दोन दिवस मात्रा तेवढीच, नंतर दर वेळी 10 मिली वाढवत.

घरी सोडण्यासाठी 15 टक्के वाढ हवी, आणि ती मोजायची सूज उतरल्यानंतरच्या वजनावरून. घरी गेली तेव्हा पोरगी 7.6 किलोची होती. आली होती त्यापेक्षा 200 ग्रॅम कमी.