पेज आणि चमचा

आम्हा गोंयकारांच्या घरात कोणी आजारी पडले की आधी पेज शिजते, मग डॉक्टर आठवतो. म्हणूनच बुऱ्हाणपूरला ताईकडे निघताना मी पिशवीत उकडे तांदूळ भरून घेतले. भावोजींना पक्षाघात होऊन तीन आठवडे झाले होते. उजवी बाजू लुळी, शब्द अडखळत. गिळण्याची तपासणी करून वाणीउपचारकांनी घट्ट, गुळगुळीत अन्नच द्यायला सांगितले होते. पाणीसुद्धा दाट करून.

दुसऱ्या दिवशी ताई आंघोळीला गेली आणि मी पेज घेऊन बसलो. भावोजी उशीला रेलून पडले होते. दोन चमचे दिले. ठसका लागला नाही, म्हणून मी खूश! पण "बरी आहे ना?" या प्रश्नावर आलेला "हो" घशात पाणी खळखळावे तसा होता. ताई धावत आली. "थांब! हा ओला आवाज म्हणजे घास श्वासनळीच्या तोंडाशी आहे."

मग कळले की पेजेत दोन वस्तू असतात. शिते चावेपर्यंत निवळ पाणी पुढे घसरते, आणि दुबळा घसा श्वासनळी वेळेवर झाकू शकत नाही. कित्येकांना तर अशा वेळी खोकलाही येत नाही. पुढे ताप आला की फुप्फुसात अन्न गेल्याचे लक्षात येते.

ताईने त्याच तांदळाची पेज वाटून, गाळून, पुन्हा आटवली. चमचा तिरका केला की गोळा अख्खा पडावा, पाणी सुटू नये. वाटीत मात्र थोडीच घ्यायची, कारण उष्टा चमचा बुडवला की लाळेने ती पातळ होते.

भावोजींना तिने खुर्चीत ताठ बसवले. पाय जमिनीला टेकलेले, लुळा हात उशीवर, मान सरळ, हनुवटी किंचित खाली. उचलताना काखेत हात घालून ओढायचे नाही, खांदा निखळतो. ती स्वतः खाली, समोर बसली. उभे राहून भरवले की रोग्याची मान वर होते.

आणि तिने भरवलेच नाही! चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला, कोपराला नुसता आधार. अर्धा चमचा, तोंडाच्या डाव्या बाजूला. गिळून झाले की "आ" म्हणायचे, आवाज स्वच्छ असेल तरच पुढचा घास. बारा चमच्यांना पंचवीस मिनिटे लागली. माझा हात तीनदा पुढे गेला, ताईने तीनदा अडवला. "तुझ्या हाताने घास लवकर येतो रे, त्यांच्या हाताने त्यांना झेपेल तेव्हाच येतो."

शेवटी तिने बोटाला फडके गुंडाळून उजव्या गालात अडकलेले अन्न काढले, दात घासले आणि अर्धा तास त्यांना तसेच बसवून ठेवले.

भावोजींनी वाटीकडे बोट दाखवले. "मी...ठ," ते म्हणाले. आवाज स्वच्छ होता. पेज खरोखरच अळणी होती.