सांडवा वाहायच्या आधी

गेल्या महिन्यात जवळच्या एका गावात आरोग्य शिबिर झालं. शाळेच्या व्हरांड्यात तपासणीची रांग, आणि रांगेत बसलेल्यांशी मी वीसेक मिनिटं बोलायचं असं ठरलं होतं. विषय दिला होता 'मधुमेहाची सुरुवातीची लक्षणं'. बोलायला उभी राहिले आणि पहिल्याच वाक्यात आयोजकांची पंचाईत केली. म्हटलं, ज्याला तुम्ही सुरुवातीची लक्षणं म्हणता ती बहुतेक वेळा सुरुवातीची नसतातच. तिथे जे बोलले तेच इथे लिहून ठेवते, कारण दवाखान्यातही मला हे रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागतं.

धरण भरताना तुम्ही पाहिलं असेल. पाऊस पडतो, पाणी चढत जातं, पण सांडव्याखालचा ओढा कोरडाच असतो. पाणी सांडव्याच्या उंचीला पोचलं की मगच ते खाली वाहताना दिसतं. आपल्या मूत्रपिंडांचं साखरेच्या बाबतीत तसंच आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या आत असेल तोवर मूत्रपिंडं ती गाळून पुन्हा रक्तात परत पाठवतात, लघवीत जाऊ देत नाहीत. त्यापुढे मात्र त्यांना ती सगळी परत घेता येत नाही आणि साखर लघवीवाटे वाहू लागते. जाताना सोबत पाणी ओढून नेते, म्हणून लघवी जास्त होते. पाणी गेलं म्हणून तहान लागते. खाल्लेलं अंगी लागण्याऐवजी बाहेर जातं, म्हणून भूक असूनही वजन उतरतं.

आता आकडे बघा. १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम साखर आहे, ते हे आकडे सांगतात. उपाशीपोटी १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. १२६ किंवा त्याहून जास्त, तेही दोन वेळा आलं, तर मधुमेह. म्हणजे उपाशीपोटी १३० साखर असणाऱ्या माणसाला मधुमेह आहे, पण त्याचा सांडवा जेवणानंतर थोडा वेळ वाहिला तर वाहिला. त्याला ना तहान जाणवते, ना रात्री उठावं लागतं. अशी माणसं वर्षानुवर्षं हिंडत असतात. वय वाढलं की सांडव्याची उंचीही बऱ्याचदा वाढते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांत लक्षणं आणखी उशिरा दिसतात. 'लघवीला मुंग्या लागत नाहीत, म्हणजे मला साखर नाही,' असं शिबिरात एका आजोबांनी ठामपणे सांगितलं. मुंग्या लागल्या तर तपासणी कराच. पण नाही लागल्या तर त्यावरून काहीच ठरत नाही.

त्याच शिबिरात एक कांदा-उत्पादक शेतकरी आले होते. वय ४७, अंगाने सडपातळ. ते साखर तपासायला नव्हे, चष्म्याच्या टेबलावर आले होते. चार महिन्यांत दोनदा नंबर बदलला होता आणि तरीही धूसर दिसत होतं. चष्मेवाल्यावर त्यांचा राग होता. डोळे तपासणाऱ्या मुलीने शहाणपणा केला आणि त्यांना आधी माझ्याकडे पाठवलं. रक्तातली साखर वरखाली होते तेव्हा डोळ्यातल्या भिंगात पाणी कमीजास्त होतं आणि नंबर हलतो. अशा वेळी नवा चष्मा करणं म्हणजे पैसे वाया घालवणं. साखर आटोक्यात आल्यावर काही आठवडे थांबायचं आणि मग नंबर काढायचा.

मी विचारलं, रात्री लघवीला किती वेळा उठता? ते म्हणाले, उठायचं कुठे, आमच्याकडे मोटारीची लाईट रात्रीच येते, पाणी द्यायला जागाच असतो. म्हणजे रात्री उठावं लागतं हे लक्षण त्यांच्या कामातच लपून गेलं होतं. त्यांची पत्नी शेजारी उभी होती. तिने सांगितलं की हल्ली शेतात जाताना दोन बाटल्या न्याव्या लागतात, आणि चपलेच्या पुढच्या भागावर पांढरे डाग पडतात. उभ्याने लघवी करताना उडालेले थेंब वाळले की त्यातली साखर अशी दिसते. वजन सहा किलो उतरलं होतं, पण गावात सगळे 'बारीक झालात, बरं दिसतंय' असंच म्हणत होते.

बोटातून रक्त घेऊन तपासलं, तर २६८. सकाळी पोहे आणि चहा झाला होता. तेवढ्यावर मी निदान लिहिलं नाही. बोटाच्या थेंबावरची तपासणी चाळण्यासाठी असते. हाताला गूळ किंवा फळाचा रस लागलेला असला तरी आकडा उगाच वाढतो, म्हणून बोट आधी साबणाने धुऊन कोरडं करायचं. त्यांना दुसऱ्या दिवशी तालुक्याला पाठवलं आणि शिरेतून रक्त घेऊन तपासलं. उपाशीपोटी १७२, जेवणानंतर दोन तासांनी २८१, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ९.४. ही ६.५ किंवा जास्त असेल तर मधुमेह धरतात, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती.

मग त्यांनी खिशातल्या पाकिटातून, देवाच्या फोटोमागून, एक घडी घातलेली चिठ्ठी काढली. वर्षापूर्वीच्या दुसऱ्या एका शिबिराची. त्यावर लिहिलं होतं, साखर १५२. तिथे त्यांना सांगितलं होतं की दोनशेच्या आत आहे, काळजी नाही. मला सगळ्यात जास्त टोचली ती ही चिठ्ठी. दिवसातल्या कुठल्याही वेळी घेतलेली साखर १४० च्या वर आली तर तेवढ्यावरून मधुमेह ठरत नाही हे खरं. पण ती आली की पुढच्या काही दिवसांत उपाशीपोटी तपासणी व्हायलाच हवी. ती झाली नाही. मी त्यांच्या तळपायाला बारीक नायलॉनचा दोरा टेकवून पाहिला, तर अंगठ्याखाली त्यांना तो कळला नाही. चिखलात चप्पल पायातून निसटली तरी समजत नाही, हे त्यांनी मग आपणहून सांगितलं. त्यांना वाटत होतं टाचा घट्ट झाल्यात. नसांचं हे नुकसान पुरतं भरून येईलच असं नाही. आता त्यांना रोज रात्री दिव्याखाली तळपाय बघावे लागतात, कारण काटा रुतला तर दुखून कळणार नाही.

दुसऱ्यांच्या चुका सांगते, तर माझीही सांगते. काही वर्षांपूर्वी पस्तिशीतली एक बाई खाली खाज येते म्हणून माझ्याकडे आली. बुरशीचा संसर्ग होता. मलम दिलं, बरं वाटलं, दीड महिन्याने ती पुन्हा आली. पुन्हा मलम. तिसऱ्यांदाही मी मलमच दिलं. चौथ्या वेळी रक्त तपासलं, तेव्हा साखर ३१२ होती. साखर असलेल्या जागी बुरशी फोफावते, हे मला पुस्तकातून पाठ होतं आणि तरीही मी तीनदा चुकले. बायका ही तक्रार आधीच संकोचाने सांगतात. खाज परत परत येत असेल, किंवा पुरुषांमध्ये पुढची कातडी लाल होऊन चिरत असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्हीच म्हणा, साखर बघू या का?

खरोखर सुरुवातीची म्हणावी अशी एक खूण आहे. मानेच्या मागे आणि काखेत कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी होते. घरी तो मळ समजून दगडाने घासतात आणि पोरीबाळींना बोलणी बसतात. तो मळ नसतो. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की असं होतं, आणि बऱ्याचदा साखर वाढायच्या आधी होतं. दुसरी गोष्ट पोटाची. हातपाय काटकुळे पण पोट पुढे, ही ठेवण आपल्याकडे फार. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापली होती. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, पण अंगातली चरबी युडकिनांची सुमारे ९ टक्के आणि याज्ञिकांची २१ टक्के. म्हणून 'मी तर बारीक आहे' हे कारण चालत नाही. कमरेभोवती टेप लावा. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर, यापुढे गेलं तर वजन कितीही असो, रक्त तपासायचं.

तिशी ओलांडली की वर्षातून एकदा तपासा. सरकारी उपकेंद्रात ही तपासणी मोफत होते, आशाताईंना विचारा. गरोदरपणात साखर वाढली होती अशा बाईने बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत एकदा आणि पुढे ठरावीक काळाने तपासायला हवं. बाळ झालं की साखर उतरते आणि सगळे विसरतात. उपाशीपोटी म्हणजे निदान आठ तास फक्त पाणी. 'नुसता कपभर चहा' घेऊन आलात तर तो उपास मोडला, खरं सांगा, दुसऱ्या दिवशी घेऊ. आणि तपासणीच्या आधी दोन दिवस भात-गोड बंद करून येऊ नका. तसं केल्याने उपाशीपोटीची साखर थोडी कमी दिसेल, पण तीन महिन्यांची सरासरी तुमची लबाडी उघडी पाडते. त्या सरासरीच्या तपासणीलाही मर्यादा आहे. रक्त फार कमी असेल किंवा सिकलसेल असेल तर ती चुकू शकते, तेव्हा आधी सांगा.

त्या शेतकऱ्यांना मोटारसायकलवरून तालुक्याला घेऊन आला होता त्यांचा धाकटा भाऊ. वय ३९, कसलीच तक्रार नाही, पोट जरा सुटलेलं. मी म्हटलं, तूही काही खाल्लेलं नाहीस ना, बस. तो हसत बसला. त्याचा आकडा आला ११८. त्याचा सांडवा अजून कोरडाच आहे आणि कदाचित पुढची काही वर्षं कोरडाच राहील. त्याच्या वहिनीने घरच्या कालनिर्णयवर सहा महिन्यांनंतरच्या एका सोमवारी त्याचं नाव लिहून ठेवलं आहे, आणि त्याखाली स्वतःचंही.